एका डोळ्याला एकच भिंग

रात्रीचे साडेदहा वाजले तरी घरातल्या धाकटीचं जेवण ताटात तसंच होतं. डोळ्यांच्या दवाखान्यांच्या कचेरीत ती शिकाऊ विश्लेषक. सहा महिने संपत आलेले, कायम करण्याचं पत्र विभागप्रमुख मॅडमच्या सहीसाठी अडलेलं, आणि उद्या संचालकांपुढे तिमाही अहवाल तिनंच मांडायचा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया बाराशे चौऱ्याऐंशी. मागच्या तिमाहीत साडेअकराशे होत्या. साडेअकरा टक्के वाढ, त्यावर दुसरं ऑपरेशन थिएटर मंजूर व्हायचं होतं.

सहज म्हणून तिनं भांडारवाल्याचा तक्ता उघडला. मोतीबिंदू काढून डोळ्यात बसवलेली भिंगं अकराशे तीस.

तिनं दोन्ही आकडे पुन्हा वाचले. एका डोळ्याला एकच भिंग लागतं. मग वरच्या एकशे चोपन्न शस्त्रक्रिया भिंगाशिवाय झाल्या की काय?

"भाजी गार झाली," आई म्हणाली.

"आई, मी माणसं दोनदा मोजलीयत."

"मग एकदा मोज. त्यात रडण्यासारखं काय?"

एकदा मोजणं इतकं सोपं नव्हतं. तिनं रुग्णक्रमांक दुसऱ्यांदा आला की ओळ काढून टाकली, तर आकडा एक हजार एक्केचाळीसवर आला. हा तर भिंगांहूनही कमी. कारण एकोणनव्वद जणांचे दोन्ही डोळे झाले होते, त्यांची दुसरी शस्त्रक्रिया खरी होती.

मग घोळ कुठे? या तिमाहीत शस्त्रक्रियांच्या यादीला तिनं नंतरच्या तपासण्यांची यादी जोडली होती, तीही हौसेनं. जो दोनदा तपासणीला आला, त्याची शस्त्रक्रिया दोन ओळींत उतरली. जो तीनदा आला, त्याची तीन. आधीच्या तिमाहीत ही जोडणीच नव्हती. तिनं शस्त्रक्रियेच्या क्रमांकावर मोजलं. अकराशे तीस. वाढ नव्हे, वीसची घट.

तिनं मॅडमना फोन लावला.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. तिच्या आकड्यांच्या वेडापायी त्या तिला दशांशबाई म्हणायच्या. "मी अध्यक्षांना साडेअकरा टक्के सांगून बसलेय, दशांशबाई."

"हो, मॅडम."

"उद्या मी तोंड उघडणार नाही. तूच सांग."

फोन ठेवल्यावरही ती खोलीत येरझारा घालत राहिली. आईनं देवाजवळचा दिवा सारखा केला. "खरं बोलायचंय ना? मग चार घास खा, उपाशी पोटी जीभ अडखळते."

सकाळी तिनं पहिल्याच पानावर दोन्ही आकडे शेजारी ठेवले, आणि खाली भिंगांचा. चूक माझी, म्हणाली. खोलीत खुर्च्या करकरल्या. थिएटरचा विषय पुढे ढकलला गेला.

"मागच्या तिमाहीचे साडेअकराशे तरी खरे?" अध्यक्षांनी विचारलं.

"पहाटे चारला ताडून पाहिले. भिंगं साडेअकराशेच."

अध्यक्षांनी मान हलवली. मॅडमनी तिच्याकडे पाहिलंही नाही, फक्त कागदावर काहीतरी खरडलं. ते पत्राचं होतं की तक्रारीचं, ते कळेपर्यंत संध्याकाळ व्हायची होती. धाकटी जागेवर येऊन बसली आणि पुढच्या तिमाहीच्या तक्त्यात तिनं सगळ्यात आधी भिंगांचा रकाना आखला.