उपदेशकाचा हेवेल

आमची मुलगी डहाणूच्या दवाखान्यात मेलेलीच जन्मली. तलासरीला घरी आल्यावर बायकोने अन्न टाकलं. ती ख्रिस्ती घरातली, मी कैनाडच्या हिंदू शेतकऱ्याचा मुलगा. तिच्या बायबलला मी कधी हात लावला नव्हता. आता ते त्यातल्या ‘उपदेशक’ नावाच्या पुस्तकावर उघडं असायचं आणि तिचं बोट एकाच ओळीवर. मृत जन्मलेलं मूल व्यर्थ येतं, अंधारात जातं, त्याचं नावही अंधार झाकतो, अशा अर्थाची ती ओळ.

“बघ, ती फुकटच आली,” बायको म्हणायची.

हा उपदेशक समोर असता तर मी त्याची गचांडी धरली असती. तो सापडणार नव्हता, म्हणून डहाणू रोडला तिच्या ओळखीच्या, चर्चमधल्या निवृत्त पाळकांकडे गेलो. त्यांनी बरीच वर्षं हिब्रू, म्हणजे त्या पुस्तकाची मूळ भाषा, शिकवली होती.

“मूळ शब्द हेवेल,” ते म्हणाले. चष्मा काढून काचेवर तोंडाची वाफ सोडली. “हे बघा. श्वास, वाफ. दिसते, पण मुठीत येत नाही. जुन्या लॅटिन भाषांतरात तिचं पोकळपण झालं, आपल्याकडे व्यर्थ.”

“म्हणजे व्यर्थ चूक?”

“सगळीकडे नाही. उपदेशक कुठे कुठे वैतागून बोलतो, तिथे व्यर्थच बसतं. पण या मुलाला तो हिणवत नाहीये. आधीच्याच ओळीत शंभर पोरांचा असमाधानी बाप आहे. त्याच्यापेक्षा हे मूल बरं, म्हणतो.”

जीपमध्ये मी तो शब्द घोकत आलो. दारातूनच ओरडलो, “व्यर्थ नाही गं, श्वास! ती श्वासात आली!”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. “तिने श्वास घेतलाच नाही.”

एवढी साधी गोष्ट माझ्या मठ्ठ डोक्यात शिरली नव्हती. आता मात्र पुढे काय करायचं ते मला खरंच कळेना. घाबरून पाळकांना फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि तिने म्हटलेलं सांगितलं.

ते तिला म्हणाले, “बाळ, जिवंत करणाऱ्या श्वासाला हिब्रूत दुसरा शब्द आहे, नेशामा. तो इथे नाही. इथे नुसती विरून जाणारी वाफ आहे.”

“म्हणजे वाफेत आली, अंधारात गेली?” बायकोने विचारलं.

“हो.”

“आणि ‘आली’ हे मुळातच आहे? भाषांतरात घातलेलं नाही?”

“मुळातच आहे.”

ती हमसून रडायला लागली. “सगळे म्हणतात, काही झालंच नाही असं समज. आली होती ती!” मग नाक पुसून तिने विचारलं, “अंधाराच्या शब्दाचा दुसरा काही अर्थ?”

“नाही, बाळ. तो अंधारच.”

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, “मग नाव आपणच ठेवू या.”

आम्ही ठेवलं. पण ते मोठ्याने घ्यायला दोघांनाही जमेना.