सहावी स्लाइड

कुणी फुकट शहाणपण वाटायला लागलं की मला आधी संशय येतो. आमच्या मांडवगणच्या घरात कॉलेज पुरं केलेली मी पहिली. एक्सेल मी चुका करत, एकेक फॉर्म्युला चारदा तपासत शिकले.

म्हणून शिरूरजवळच्या आमच्या कंपनीत एचआरच्या साहेबांनी ऑफिसच्या ग्रुपवर एक्सेल टिप्सच्या स्लाइड टाकल्या, तेव्हा बाकीच्यांनी अंगठे दिले आणि मी एकेक स्लाइड करून बघत बसले. Ctrl आणि ; दाबलं की आजची तारीख. बरोबर. Alt आणि = दाबलं की बेरीज. तेही बरोबर. प्रत्येक स्लाइडवर वर फॉर्म्युला, खाली हिरव्या चौकटीत उत्तर. एवढं चकचकीत की माझा संशय वाढला.

सहावी स्लाइड व्हीलूकअपची, म्हणजे नाव दुसऱ्या यादीत शोधून त्याच्यापुढचा आकडा आणणाऱ्या फॉर्म्युल्याची. साहेब मला म्हणाले, "उद्याची कामगारांच्या बसची यादी हिच्यावरनंच करा. हातानं बस नंबर टाकणं बंद."

त्या यादीत केडगावची एक बाई नवी होती. ट्रेनिंगचा आठवडा, त्यात एक खाडा झाला तरी नाव कटतं.

मी स्लाइडवरचा फॉर्म्युला जसाच्या तसा मारला: =VLOOKUP(A2,$E$2:$F$4,2). कासुर्डीला एक नंबर आला, यवतला एक नंबर. केडगावलाही एक! एक नंबरची बस हायवेनं येते, केडगावात शिरतसुद्धा नाही. तिथं दोन नंबर जाते.

शेजारी हजेरी बघणारे आप्पा हसले. "पोरी, साहेबाचं कवा चुकलंय का? तुला तर सासूच्या चहातबी माशी दिसंल."

"माशी हायच, आप्पा. दावते."

स्लाइडवरची गावं अकारविल्हे लावलेली होती. आमची थांब्यांची यादी मात्र बसवार, माणसं उचलायच्या क्रमानं: आधी एक नंबरचे कासुर्डी, यवत, मग दोन नंबरचं केडगाव. ड्रायव्हरला तशीच लागते. शेवटी काही लिहिलं नाही, तर हा फॉर्म्युला यादी अकारविल्हेच लावलेली आहे असं धरून चालतो आणि जवळचं काहीतरी बिनधास्त उचलतो. चूक झाली असंही सांगत नाही. मी शेवटी स्वल्पविराम आणि शून्य टाकलं, म्हणजे तंतोतंत तेच नाव शोध. केडगावसमोर दोन आलं.

मी दाखवल्यावर साहेबांनी स्वतः दोनदा करून बघितलं. "यादी सॉर्ट करायची होती," एवढंच म्हणाले.

"मग ड्रायव्हरनं काय वाचायचं, सर?"

संध्याकाळी ग्रुपवर नवी सहावी स्लाइड आली, शून्यासकट. माझं नाव कुठं नव्हतं. तीही मी करून बघितली, मगच यादी पाठवली.

सकाळी आप्पा आणि मी गेटवर उभे होतो. दोन नंबर आली. केडगावची बाई डबा सावरत उतरली.

"आता तरी पटलं का?" आप्पांनी विचारलं.

"आजचं पटलं," मी म्हणाले. "सातवी स्लाइड अजून बघायचीय."