अहवालातून काढलेली सूचना

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे मास्तरीण म्हणतात. लहानपणी बाहुल्यांनासुद्धा गृहपाठ द्यायची! आता खरीच शिक्षिका होतेय. शेवटच्या सत्रात कॉलेजने तिला इंटर्नशिपला पाठवलं, वाचनात मागे पडलेल्या मुलांचे वर्ग घेणाऱ्या एका संस्थेत. शेवटी अहवाल द्यायचा: काय काम केलं, काय शिकले, संस्थेला सूचना काय. त्यावर तिथल्या समन्वयक बाईंची सही हवी. सही नाही तर पदवी लटकली.

शब्दपट्ट्या बनवल्या, गट घेतले, पालकांना भेटले, हे सगळं तिने भराभर लिहून काढलं. घोडं अडलं ते सूचनांपाशी. शेवटची चाचणी तिनेच घेतली होती. एकेका मुलाने उतारा वाचून दाखवायचा. उतारा सुरुवातीच्या चाचणीतलाच, आणि बाकीची मुलं त्याच खोलीत बसून ऐकणार! एका मुलीने तो घडाघडा म्हटला, कागदाकडे न बघता. हिने दुसरं पुस्तक पुढे ठेवलं, तर पोरीच्या तोंडून एक शब्द फुटेना. तरी बाईंनी 'वाचते' अशीच नोंद करायला लावली. वाचते म्हणजे गटातून बाहेर.

मास्तरणीने सूचना लिहिली: दर वेळी नवा उतारा घ्यावा, वेगळ्या खोलीत घ्यावा, ही चाचणी पुन्हा घ्यावी.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अगं, आकडे देणगीदारांकडे गेलेसुद्धा. आता चुकले म्हणू? पुढच्या वर्षी वर्गच बंद होतील, सगळ्याच मुलांचे. सूचना लिही ना, खडू कमी पडतात म्हणून लिही."

घरी येऊन तिने हे सांगितलं, तेव्हा मला असला संताप आला! पण बाई खोटं बोलत नव्हत्या, हीच तर पंचाईत. पदवी अडकली तर हिची एका शाळेत ठरलेली नोकरीही जाणार होती. मी म्हटलं, "वेडाबाई, काढून टाक आणि मोकळी हो."

"मोकळी कसली होतेय, ताई?" ती म्हणाली. रात्रभर कूस बदलत होती. सकाळी तिने सूचना काढली आणि खडूंचं लिहिलं.

निरोपाच्या कार्यक्रमाला मीही गेले. सही झालेला अहवाल हिच्या मांडीवर होता. वाचायला शिकलेल्या मुलांना प्रमाणपत्रं वाटली. टाळ्या झाल्या. उतारा पाठ म्हणणारी ती मुलगी धावत आमच्याकडे आली आणि तिने प्रमाणपत्र हिच्यापुढे धरलं.

"ताई, यात काय लिहिलंय?"

माझ्या बहिणीने तो कागद हातात घेतला. मग एकेका शब्दावर बोट ठेवत तिने वाचून दाखवलं, की तू आता वाचू शकतेस.

"खरंच?" पोरगी हरखून म्हणाली, आणि आईला सांगायला पळाली.