मामांनी पास केलेली काच

दोन हजार सहाच्या सुमाराला शिरूरच्या एसटी स्टँडमागं, काचेच्या दुकानावरच्या खोलीत मी कॉम्प्युटरवर पुण्याच्या बिल्डरांसाठी न बांधलेल्या फ्लॅटची चित्रं करायचे. एकदा त्यांना रात्रीचा हॉल हवा होता, मोठ्या खिडक्यांतून शहराचे दिवे दिसणारा. चित्र झाल्यावर मी दुकानवाल्या मामांना दाखवलं. त्यांनी चित्रातल्या खिडकीच्या काचेवरच्या पांढऱ्या चौकोनावर बोट ठेवलं.

"ही चमक कशाची? असला दिवा तर हॉलमदी न्हाई."

खरंच नव्हता. उजेड कमी पडू नये म्हणून मी चित्रात एक लपवलेला लाइट टाकला होता. तो स्वतः दिसत नव्हता, पण काचेत उमटला होता. चित्र पुन्हा करायला उशीर होईल हे सांगायला पुण्याला फोन केला, तर बिल्डरसाहेब म्हणाले, "मग काचच काढून टाका ना."

मी काढली नाही. बिनकाचेची खिडकी म्हणजे भिंतीतलं भोक. त्या लाइटचं फक्त प्रतिबिंब बंद केलं आणि हॉलमधल्या टेबललॅम्पचं खरं, पुसट प्रतिबिंब तसंच ठेवलं. संध्याकाळपर्यंत चित्र पुन्हा तयार झालं. चौकोन गेला होता, पलीकडं शहर लखलखत होतं.

मामांनी चष्मा पुसून बराच वेळ बघितलं.

"आता काच बसली," ते म्हणाले.

साहेबांना आवडलं का, हे मी विचारलंच नाही.