कोरड्या पाट्यांवरचा ठोकळा

नवरा गेल्यावर ती प्रयोगशाळेत परत आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आज ही कोसळणार. ती कोसळली नाही. डबा खिडकीत ठेवला, कोट चढवला आणि विचारलं, "पुलाच्या रबराचं कुठवर आलंय?"

दोघंही तिथेच कामाला होते. तो दाबाच्या मशीनवर, ती शेजारच्या खोलीत कातर चाचणीवर. त्याला सगळे 'तेलवाले' म्हणत. रबराचा ठोकळा मशीनमध्ये ठेवण्याआधी तो मशीनच्या वरच्या-खालच्या दोन्ही लोखंडी पाट्यांना सिलिकॉनचं तेल इतक्या मायेनं चोळायचा, की कुणीतरी म्हणायचंच, "अहो, चाचणी आहे, मालिश नव्हे." तोही हसायचा आणि चोळत राहायचा.

पुलाखाली बसवायच्या रबरी गाद्यांचं काम होतं. दाबाची चाचणी त्यानं केली होती. त्याच संध्याकाळी घरी जिना चढताना तो खाली बसला, तो उठलाच नाही. कातर चाचणी उरली होती. ती तिनं केली. हात आपोआप चालत होते. रबराच्या दोन पट्ट्या, मध्ये लोखंडी पट्टी, हळूहळू ओढ. कातर गुणांक, म्हणजे आडव्या ओढीला रबर किती ताठ, तो आला एक. नवऱ्यानं मोजलेला यंग गुणांक, म्हणजे दाबाला रबर किती ताठ, तो होता तीन पूर्णांक सहा. दोन्ही न्यूटन दर चौरस मिलिमीटर.

या दोन आकड्यांवरून तिसरा निघतो. ठोकळा दाबला की उंची घटते आणि कडा बाहेर सरकतात. हे आडवं पसरणं उभ्या घटीच्या किती पट, ते पॉयसनचं गुणोत्तर. यंग गुणांकाला कातर गुणांकाच्या दुपटीनं भागायचं, एक वजा करायचा. उत्तर आलं शून्य पूर्णांक आठ.

तिनं परत भागलं. शून्य पूर्णांक आठच.

कागद घेऊन ती साहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, हे होऊ शकत नाही."

साहेबांनी चष्मा वर केला. "अर्ध्याच्या वर गेलं?"

"हो. अर्ध्यावर घनफळ जसंच्या तसं राहतं. रबर तिथेच कुठंतरी असतं. शून्य पूर्णांक आठवर म्हणजे ठोकळा दाबला की त्याचं घनफळ वाढतं. चहूबाजूंनी दाबला तर फुगेल."

"तुझी चाचणी चुकली असेल. या दिवसांत..."

"मी तीन नमुने घेतले. तिन्ही जुळतात."

साहेब हळूच म्हणाले, "त्याचं शेवटचं काम आहे ते. रबराचं गुणोत्तर पुस्तकातून घेऊ. कातर गुणांकावरून नवा यंग गुणांक काढू आणि तोच लिहू. कुणी विचारणार नाही."

"मोजल्याशिवाय नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. खिडकी बंद करा म्हणावं तसा.

मशीनला कॅमेरा होता. तिनं त्याच्या चाचणीच्या दिवसाचा फोटो उघडला. ठोकळ्याची दोन्ही टोकं पाट्यांना घट्ट चिकटलेली, मधलं पोट बाहेर, पिंपासारखं. पाट्यांवर तेलाची चमक नव्हती. टोकांना पसरता आलं नाही, म्हणून ठोकळा उगाच ताठ वाटला आणि गुणांक फुगून आला.

ती फोटोकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत त्यानं कधी कोरड्या पाट्यांवर ठोकळा ठेवला नव्हता. त्या दुपारी तो तिच्या खोलीच्या दारात आला होता. "खांदा जरा भरून आलाय," म्हणाला होता. तिनं मान न वळवता "बाम लाव" सांगितलं होतं.

तिला वाटलं आता रडू येईल. आलं नाही.

तिनं नवा ठोकळा घेतला, पाट्या पुसल्या, तेल लावलं. या वेळी कडा सरळ राहून सारख्या पसरल्या. तीनच्या किंचित खाली आकडा आला, दोन पूर्णांक सत्त्याण्णव. गुणोत्तर अर्ध्याच्या जरा अलीकडे. घनफळ जवळजवळ तेवढंच. साहेबांनी तिच्यासमोर पुलाच्या अभियंत्याला फोन केला. तो म्हणाला, जुन्या आकड्यावर गाद्या हिशेबापेक्षा जास्त दबल्या असत्या, जाडी परत बघतो.

"अहवालावर त्याचं नाव ठेवू या का?" साहेबांनी विचारलं.

"नको. दाबाची चाचणी माझी आहे."

घरी मुलगी भांडी घासत होती. आईनं पर्स ठेवली आणि उभ्याउभ्याच सांगितलं, "बाबांना त्या दिवशी दुपारपासूनच बरं नव्हतं."

नळ बंद झाला. "तुला कसं कळलं?"

"त्यांनी तेल लावलं नव्हतं."

बाबांच्या तेलाची थट्टा घरातही चालायची; मुलीला ते लगेच कळलं. ती ओल्या हातांनी येऊन आईला बिलगली. आई ताठ उभी राहिली, तिच्या पाठीवर हात ठेवून. थोड्या वेळानं म्हणाली, "चल, राहिलेली भांडी मी घासते. तू पुसून ठेव."