एका सावलीची असर, दोन सावल्यांची असर

शबाना मागच्या वेळी तोंडी परीक्षेत नापास झाली नसती, तर मी लातूरला गेले नसते. हदगावच्या शाळेत आम्ही शेजारी-शेजारी बसतो. मी मराठी शिकवते, ती उर्दू. इस्लामी अभ्यासाच्या एमएची तिची एवढी एकच परीक्षा राहिली होती, आणि यंदा लातूरच्या केंद्रावर शेवटची संधी होती. परीक्षकांनी काहीही विचारलं की ही घरात जे होतं तेच सांगायची. घर हनफी पंथाचं. शाफई, मालिकी, हंबली हे बाकीचे पंथ पुस्तकात होते, पण तोंडात येत नव्हते.

"तू माझ्यासंगं चल आन् वाटंत मला छळ," ती म्हणाली. छळायला मी एका पायावर तयार.

नांदेडहून सकाळची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि डावीकडच्या खिडकीत ऊन येत नाही असं मला वाटलं होतं, ते खोटं निघालं. लोह्याच्या पुढे रस्ता बरा आहे. अहमदपूरला गाडी थांबली की गरम भजी घ्या, चहा मात्र पाणचट.

तिथेच पेरू कापताना शबानाचं बोट कापलं. रक्त ओघळलं. मी रुमाल दिला आणि लगेच विचारलं, "वजू तुटला का?" म्हणजे नमाजाआधीची हातपाय धुण्याची शुद्धी.

"तुटला की!"

"कुणाचा?"

ती थबकली, मग हसली. "हनफींचा. रक्त वाहिलं की तुटतो. शाफई आन् मालिकी म्हणतात, न्हाई तुटत. हंबली म्हणतात, लई रक्त गेलं तर तुटतो."

"आणि नवऱ्याचा हात लागला तर?"

"शाफईंचा तुटतो. आमचा न्हाई. मालिकी आन् हंबलींचा मनात वासना असली तरच तुटतो." शेजारच्या आजींनी पदर तोंडाला लावला. चाकूरपर्यंत त्या आमच्याकडेच पाहत होत्या.

वजूत ओल्या हाताने डोकं पुसायचं तर हनफींना पाव भाग पुरे, शाफईंना चार केसही पुरतात, मालिकी-हंबलींना सगळं डोकं लागतं. नमाजात मालिकी बहुधा हात मोकळे सोडतात, शिया जाफरीही. जाफरी दुपारची आणि असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची, नमाज एकामागोमाग पढू शकतात. हे सगळं तिला येत होतं. फक्त पहिलं उत्तर दरवेळी घरचंच यायचं.

लातुरात आम्ही तिच्या खालेकडे, म्हणजे मावशीकडे उतरलो. खालाने ताटात भाकरी, शेवग्याची आमटी आणि खिमा वाढला. मी नको नको म्हणत तीन भाकऱ्या खाल्ल्या. सून नफिसा श्रीवर्धनकडची, नवीन लग्न झालेली. तिसऱ्यांची, म्हणजे खायच्या शिंपल्यांची, आठवण काढून ती म्हणाली, "इथे कुणी खात नाही." हनफींना समुद्रातला मासाच चालतो, शिंपल्या नाहीत. शाफईंना चालतात. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई, तशी नफिसाही.

दुपार कलली तशी नफिसा आतल्या खोलीत चटई अंथरू लागली. खाला ओरडली, "अगं, अजून असरचा वक्त न्हाई झाला! किती बार सांगायचं?" नफिसाने चटई गुंडाळली. तिचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं. शबानाही सवयीने म्हणाली, "हाव, अजून टाइम हाय."

मग तिनेच कपाळावर हात मारला.

"खाला, थांब. चूक माझी हाय. ऐन दुपारी असती तेवढी सावली सोडून वस्तूएवढी सावली झाली की शाफई, मालिकी, हंबली तिघांची असर लागते. आपली दुप्पट सावलीला. आन् आपल्याच इमामांचे दोन मोठे शागिर्द बी एकपटच मानायचे. तिची वेळ झालीया."

खालाने अंगणातल्या खुर्चीची सावली नीट पाहिली. "आजवर हिला उगाच बोलत होते की," ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परीक्षेच्या खोलीबाहेर बसून होते. दार अर्धवट उघडं होतं. परीक्षकांनी विचारलं, "असरची वेळ कधी सुरू होते?"

"कुणाची, सर?" शबाना म्हणाली.

आता हदगावला आलोय. प्रवासातलं काय उरलं म्हणाल, तर माझ्या उन्हाने भाजलेल्या हाताशिवाय एक गोष्ट उरली. मैदानात झेंड्याच्या खांबाची सावली लांबली की मी ती पाहत राहते. काल दुपार कलल्यावर तिथेच उभं राहून शबानाने खालेला पास झाल्याचं कळवायला फोन लावला. फोन मोठ्या आवाजावर होता. खालाने नीट ऐकूनही घेतलं नाही.

"थांब गं जरा," ती म्हणाली आणि घरात हाक मारली, "नफिसा! ऊठ बाई, तुझी वेळ झाली!"