रखमावहिनींच्या गुडघ्याचं वेळापत्रक

छापखान्यात एका हँडबिलाचे खिळे मी तीन वेळा जुळवले आणि शेवटी गुणाजीला तीन शिव्या घातल्या. आता त्यातल्या दोन परत घेतो. तिसरी राहू द्या, ती कमावलेली आहे.

साल एकोणीसशे साठ, एप्रिल महिना. महाराष्ट्राचं राज्य तीन आठवड्यांवर येऊन ठेपलेलं. आमच्या लालबागच्या मंडळानं ठरवलं की शेवटच्या रविवारी एकाच दिवशी तीन ठिकाणी उत्सव करायचा. दादरला एका शाळेच्या हॉलमध्ये पोवाडे, मग लालबागच्या मैदानात बायकांची भजनं, आणि शेवटी गिरगावात एका चाळीच्या पटांगणात दशावतार. माणसांनी दुपारी दादरला यायचं आणि उत्सवाबरोबर सरकत सरकत गिरगाव गाठायचं. कल्पना सेक्रेटरी बाबुरावांची. बाबुराव कचेरीत हेडक्लार्क, इस्त्रीचं धोतर, आणि तोंड उघडलं की सभा.

त्यांनी मला दिलेल्या पहिल्या कागदावर पोवाडे तीन ते साडेचार, भजन साडेचार ते सहा, दशावतार सहा वाजता.

"बाबुराव, साडेचारला दादरला उठलेला माणूस साडेचारला लालबागला बसणार कसा?" मी विचारलं.

"लोकांच्या लक्षात राहायला सोपं आहे," ते म्हणाले. पुढे मात्र घाईघाईनं मधे पंधरा-पंधरा मिनिटं घातली. कचेरीतल्या भिंतीवरच्या नकाशावर त्यांनी पट्टी लावून अंतर मोजलं होतं म्हणे. मी दुसऱ्यांदा खिळे जुळवले.

हे हँडबिल गुणाजीच्या हाती पडलं आणि घोटाळा झाला. गुणाजी ट्रामचा टाइमकीपर. वीस वर्षं नाक्यावर उभा राहून गाड्यांच्या वेळा टिपणारा माणूस. घरात भात शिजायला किती मिनिटं लागतात तेही हा वहीत लिहून ठेवी. बोलायला फटकळ, आणि चूक दिसली की त्याला जेवण जात नसे.

कमिटीपुढे येऊन तो म्हणाला, "लालबाग ते गिरगाव पंधरा मिनिटं? कावळ्यांसाठी कार्यक्रम ठेवलाय काय रे?"

खरं कारण त्याच्या घरात होतं. त्याची बायको रखमा लालबागच्या भजनात टाळ वाजवून गाणार होती. आणि गिरगावच्या दशावतारात द्रौपदी होणार होता तिचा सख्खा भाऊ, कुशाबा. चौदाव्या वर्षी लग्न होऊन मुंबईत आलेली बाई. भावाचं गावभर नाव झालं, पण जत्रा असते तेव्हा हिला गिरणीतून रजा नसे. बावीस वर्षांत तिनं त्याला एकदाही सोंगात पाहिलं नव्हतं. सोमवारी तो बोटीनं परत जाणार होता. त्यात वहिनींचा उजवा गुडघा कामातून गेलेला.

"माझो भाव इतकी वर्सां द्रौपदी करता, आणि मी एकदाव बघूक नाय," ती मला म्हणाली. "आता माझ्या गावात इलो, तरी चुकतलो काय?"

गुणाजीनं फर्मान काढलं, की पुढच्या रविवारी आपण सगळे प्रत्यक्ष जाऊन बघू, आणि चालायचं रखमाच्या चालीनं. "तरण्या पोराला मोजून वेळ काढली तर म्हातारी माणसं रस्त्यात राहतात," तो म्हणाला. बाबुराव हसत हसत आले. लालबागच्या मैदानातून ट्रामच्या थांब्यापर्यंत सहा मिनिटं लागली. पहिली ट्राम आली तेव्हा बाबुराव चढायला धावले, तर गुणाजीनं त्यांचं धोतर धरलं.

"ही भरलेली समजा. त्या दिवशी चारशे माणसं एकदम सुटणार. पहिली गाडी तुम्हाला मिळते असं धरायचं नाही."

दुसरीसाठी आठ मिनिटं. पायधुणीपर्यंत वीस. तिथे बसची वाट नऊ, बस आठ, चालणं पाच. वर गुणाजीनं मैदानातून बाहेर पडून चपला शोधायला सात मिनिटं धरली आणि गर्दीसाठी आणखी बारा. झाली पंचाहत्तर. बाबुराव घामानं भिजले होते आणि त्यांना कबूल करवत नव्हतं.

गुणाजीचा कागद असा झाला: दादर दोन ते साडेतीन, लालबाग सव्वाचार ते पावणेसहा, गिरगाव सात. सातला आधी गणपती-सरस्वती येणार, द्रौपदी साडेसातच्या आत नाही. म्हणजे कुणी मागे पडलाच तरी मुख्य खेळ चुकायचा नाही. शिवाय एक माणूस लालबागच्या थांब्यावर साडेसातपर्यंत उभा राहून लोकांना गाडीत घालणार. तो माणूस अर्थात तो स्वतः.

"आणि आभार," गुणाजी म्हणाला, "दादरला नाहीत, लालबागला नाहीत. गिरगावला, सगळं संपल्यावर, एकदाच."

बाबुरावांचा चेहरा पडला. आमच्याकडे आभारप्रदर्शन संपल्याशिवाय कुणी उठत नाही. कुणाचं नाव निघेल आणि कुणाला नारळ मिळेल सांगता येत नाही. बाबुरावांचे आभार पंचवीस मिनिटांच्या खाली कधी आले नव्हते. प्रवासाची सगळी मोकळी वेळ त्यांनीच खाल्ली असती. ते दोन दिवस गुणाजीशी बोलले नाहीत. मी तिसऱ्यांदा खिळे जुळवले.

उत्सवाचा रविवार आला आणि आश्चर्य म्हणजे सगळं जमलं. पावणेसहाला टाळ थांबले, वहिनींनी चपला घातल्या, दुसऱ्या ट्रामनं निघाल्या. मी बरोबर होतो. सातला दहा कमी असताना त्या सतरंजीवर टेकल्या आणि शेजारी पदर पसरून गुणाजीची जागा धरली. साडेसातला कुशाबा नेसून-सजून आला. वहिनींनी त्याला ओळखलंच नाही. मग त्यानं गाणं धरलं, आणि तो आवाज त्यांच्या आईचा होता. बाई ढसाढसा रडली. मलाही रडू आलं, खोटं कशाला बोलू.

सव्वाआठला खेळ संपला. पदरावरची जागा रिकामीच. चारशे माणसांचा हिशेब करणाऱ्यानं स्वतःला कागदावर कुठे बसवलंच नव्हतं. साडेसातला लालबाग सोडणारा माणूस सव्वाआठला गिरगावात पोचत नाही, हे आम्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

बाबुराव उठले. मांडववाल्याचे आभार, बत्तीवाल्याचे आभार, चाळीच्या मालकाचे, त्यांच्या मातोश्रींचे. मग नळाला पाणी सोडणाऱ्याचे. अर्धा तास झाला. लोक कुजबुजायला लागले. मी दातओठ खात होतो. बाबुराव सतरंज्यांचे आभार मानत होते, एकेकीचे, आणि हातातल्या घड्याळाकडे बघत होते.

आठ पन्नासला गुणाजी आत शिरला. एका हातात गंगुबाई नावाची म्हातारी, दुसऱ्या हातात तिची एकच चप्पल. दुसरी शोधण्यात पाच मिनिटं गेली होती.

बाबुराव थांबले. नारळ उचलला.

"शेवटचे आभार गुणाजींचे. आज प्रत्येक कार्यक्रम वेळेवर सुरू झाला तो यांच्यामुळे. साडेसातला लालबाग सोडतील असं कागदावर यांनीच लिहिलं होतं. त्यात यांचीच पंचाहत्तर मिनिटं मिळवली आणि तोवर मी बोलत राहिलो." त्यांनी घड्याळ पाहिलं. "पाच मिनिटं उशिरा आलात."

पटांगण हसून हसून कोसळलं. गुणाजीनं गंगुबाईला खाली बसवलं. नारळ घेऊन तो पदरावरच्या जागेत जाऊन बसला.

"बघलंय मी त्याका," वहिनी म्हणाल्या.

"पोचलीस कितीला?" त्यानं विचारलं, आणि खिशातून वही काढली.